तीन दिवसांची मजुरी : फ्रान्सची राजसत्ता नागरिकत्वाच्या एका रेघेवर कशी कोसळली

२० जून १७९१ची मध्यरात्र उलटून गेली होती. पॅरिसच्या तुइलरी राजवाड्यातून एक माणूस गुपचूप बाहेर पडला. अंगात साधा तपकिरी कोट, डोक्यावर गोल टोपी. शहराबाहेर थांबलेल्या मोठ्या घोडागाडीत तो बसला, तेव्हा कागदोपत्री तो एका रशियन सरदारीणबाईंचा खासगी नोकर होता, नाव द्यूरां. बाईंचं सोंग राजपुत्रांना सांभाळणाऱ्या मादाम द तूर्झेल यांनी घेतलं होतं आणि त्यांच्या मुलांची शिक्षिका म्हणून गाडीत बसली होती फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत. नोकर होता सोळावा लुई.

पळून जाणाऱ्या राजाला नोकराचा वेष सर्वांत सुरक्षित का वाटला, हे सहज कळण्यासारखं आहे. नोकराकडे कुणी वर मान करून बघत नाही. पण त्या वर्षी फ्रान्समध्ये नोकर असण्याला आणखी एक अर्थ होता. नव्या कायद्याप्रमाणे घरगुती नोकराला मत नव्हतं. तो फ्रेंच होता, कायद्याचं संरक्षण त्याला होतं, पण देशाच्या कारभारात त्याचा आवाज धरला जात नव्हता. त्यासाठी एक शब्दच तयार झाला होता : निष्क्रिय नागरिक.

या लेखात मी फ्रेंच राज्यक्रांतीची सगळी कहाणी सांगणार नाही. बास्तीय, गिलोटीन, नेपोलियन हे शाळेत येऊन गेलेलं असतं. मला एकच धागा धरायचा आहे. १७८९ साली नागरिक कोण आणि कोण नाही यासाठी एक रेघ आखली गेली. तीन वर्षांनी, १० ऑगस्ट १७९२ रोजी, राजसत्ता पडली. माझं म्हणणं असं की दुसरी घटना पहिलीवाचून समजत नाही. राजाला खाली ओढणाऱ्या गर्दीत असंख्य माणसं रेघेपलीकडची होती, आणि राजा पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती रेघ पुसली गेली.

रेघ कशी आखली गेली

२६ ऑगस्ट १७८९ रोजी राष्ट्रीय सभेने मानवी आणि नागरी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. पहिल्याच कलमात म्हटलं होतं की माणसं जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांनी समान असतात आणि तशीच राहतात. सहाव्या कलमात होतं की कायदा म्हणजे सर्वांच्या सामायिक इच्छेचा उच्चार, आणि तो घडवण्यात स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत भाग घेण्याचा हक्क सर्व नागरिकांना आहे. यात ‘सर्व’ हा शब्द आहे. कलम वाचणाऱ्या सुताराला किंवा ते ऐकणाऱ्या पाणक्याला त्याचा अर्थ विचारायला दुसऱ्याकडे जावं लागलं नसणार.

पण सभेत बसलेल्या वकिलांच्या, जमीनदारांच्या आणि उदारमतवादी धर्मगुरूंच्या मनात वेगळी विभागणी होती. जुलै महिन्यातच सियेस या विचारवंताने ती मांडली होती. जीवित, मालमत्ता आणि स्वातंत्र्य यांचं रक्षण हा सगळ्यांचा हक्क, तो निष्क्रिय हक्क. सत्ता घडवण्यात भाग घेणं हा सक्रिय हक्क, आणि तो सार्वजनिक खर्चाला हातभार लावणाऱ्यांनाच द्यायचा. स्त्रिया, मुलं, परदेशी आणि सरकारला काहीच न देणारे यातून वगळायचे. स्त्रियांबद्दल लिहिताना त्याने ‘निदान आजच्या स्थितीत तरी’ अशी पुस्ती जोडली होती. पुढे ती पुस्ती कुणी उघडून पाहिली नाही.

वर्ष संपायच्या आत याचा कायदा झाला. मत हवं असेल तर पुरुष असावं, वय २५ पूर्ण असावं, त्या भागात वर्षभर वास्तव्य असावं, घरगुती नोकरीत नसावं, आणि त्या गावातल्या साध्या मजुराच्या तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर भरलेला असावा. एका दिवसाची मजुरी जास्तीत जास्त २० सू, म्हणजे त्या काळच्या चलनात एक लिव्हर, धरायची; तीन दिवसांच्या हिशेबाने कर फार तर तीन लिव्हर. त्याच्या वरची पायरी दहा दिवसांच्या मजुरीइतक्या कराची. प्रतिनिधी निवडणाऱ्या निर्वाचकांच्या मंडळात तेवढा कर भरणाऱ्यालाच जाता येई. सर्वांत वर, स्वतः प्रतिनिधी व्हायचं तर ‘चांदीचा मार्क’ म्हणजे पन्नासहून अधिक लिव्हर कर आणि शिवाय जमीनजुमला.

तीन लिव्हर ऐकायला किरकोळ वाटतात. अडचण रकमेपेक्षा ‘प्रत्यक्ष कर’ या शब्दांत होती. मजुरी मिळणं वेगळं आणि तुमच्या नावावर कराची नोंद असणं वेगळं. पॅरिसमध्ये हजारो कारागीर, हमाल आणि गवंडी सामानासकट भाड्याने मिळणाऱ्या खोल्यांत राहत. खोली मालकाच्या नावावर, कर मालकाच्या नावावर. असा माणूस पाव, दारू आणि मीठ यांच्या किमतीतून आयुष्यभर कर भरत आला असला तरी यादीत त्याचं नाव नाही. मालकाच्या घरी राहून काम शिकणाऱ्या उमेदवाराचीही तीच गत. हा साधा खाचखळगा लक्षात घेतला नाही तर पुढे पॅरिस इतकं का पेटलं हे कळत नाही.

१७९१च्या मोजणीप्रमाणे देशभरात सुमारे ४३ लाख सक्रिय नागरिक भरले. साधारण ३० लाख प्रौढ पुरुष बाहेर राहिले. त्या काळच्या युरोपात एवढा मताधिकार कुठेच नव्हता, इंग्लंडमध्येही नाही. हे मान्य करायलाच हवं. पण बाहेर राहिलेला माणूस इंग्लंडशी तुलना करत नव्हता, तो जाहीरनाम्याच्या सहाव्या कलमाशी करत होता.

आक्षेप तेव्हाच घेतले गेले. रोबेस्पिअरने ऑक्टोबरमध्येच सभेत सांगितलं की हे जाहीरनाम्याच्या विरुद्ध आहे. पत्रकार कामीय देमुलांने लिहिलं की चांदीच्या मार्काच्या अटीने रूसोसुद्धा प्रतिनिधी होऊ शकला नसता, आणि खरे सक्रिय नागरिक तेच, ज्यांनी बास्तीय घेतली. ही ओळ पॅरिसमध्ये तोंडी झाली.

आपल्याकडच्या वाचकाला ही रेघ परकी वाटायचं कारण नाही. इंग्रजी अमलात मुंबई प्रांतातला मताधिकार शेतसारा, घरभाडं, प्राप्तिकर अशा अटींवरच बेतलेला होता. १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि नंतर सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मताच्या विस्तारासाठी आणि प्रौढ मताधिकारासाठी जो आग्रह धरला, तो याच रेघेविरुद्ध होता. आपल्या घरातल्या बऱ्याच पणजोबांनी आणि जवळजवळ सगळ्या पणज्यांनी १९५२च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत मत दिलेलं नव्हतं.

व्हारेनची रात्र आणि तिचा हिशेब

पुन्हा त्या घोडागाडीकडे येऊ. सेंत-मनू गावी टपालाच्या घोड्यांचा मुख्य द्रुए याला नोकराच्या वेषातल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटला. कागदी नोटेवरच्या चित्राशी तो जुळतो, असं त्याने नंतर सांगितलं. तो आडवाटेने घोडा फेकत व्हारेनला पुढे पोहोचला आणि पूल अडवला गेला. राजाने ती रात्र गावातल्या सोस नावाच्या वाण्याच्या माडीवर काढली. खाली मेणबत्त्या आणि वाणसामानाचं दुकान, वर सोळावा लुई. हा सोसच गावाचा निवडून आलेला अधिकारी होता. दोन वर्षांपूर्वी राजासमोर उभं राहण्याची पात्रता नसलेला माणूस आता राजाचे प्रवासाचे कागद तपासत होता. नागरिकत्व कल्पनेतून रोजच्या व्यवहारात उतरलं म्हणजे काय, हे मला कुठल्याही भाषणापेक्षा या माडीवर जास्त स्पष्ट दिसतं.

राजाने मागे स्वहस्ते लिहिलेलं निवेदन ठेवलं होतं. आपण पॅरिसमध्ये कैदी होतो आणि १७८९नंतरची संमती दबावाखाली दिली, असं त्यात होतं. म्हणजे राजा क्रांतीच्या बाजूने आहे की नाही हा प्रश्न राजानेच निकालात काढला. तरीही राष्ट्रीय सभेने राजाचं अपहरण झालं अशी भूमिका घेतली. कारण सरळ होतं. संविधान जवळजवळ तयार होतं आणि ते राजावर उभं होतं. राजा काढला तर सगळी इमारत पुन्हा मांडावी लागणार, आणि त्या गडबडीत रेघेपलीकडचे आत शिरणार.

१७ जुलै १७९१ रोजी शां द मार्स या मैदानावर, मातृभूमीच्या वेदीवर, एक अर्ज सह्यांसाठी ठेवला गेला. राजाला परत बसवण्याआधी देशाला विचारा, अशी मागणी होती. दिवसभरात काही हजार सह्या झाल्या. लिहिता न येणाऱ्यांनी फुलीची खूण केली. सकाळी वेदीखाली लपलेल्या दोन माणसांना हेर समजून जमावाने ठार केलं, हेही त्याच दिवशी घडलं. संध्याकाळी महापौर बायी आणि सेनापती लाफायेत राष्ट्रीय रक्षकदल घेऊन आले. लष्करी कायद्याचा लाल बावटा लावला गेला आणि गोळीबार झाला. अधिकृत आकडा डझनभर मृतांचा, नंतरचे अंदाज पन्नासच्या आसपासचे.

हे रक्षकदल मुख्यतः सक्रिय नागरिकांचं होतं. गणवेश स्वतःच्या खर्चाने शिवायचा, तेव्हा ते ओघानेच आलं. त्या संध्याकाळी बंदुकीच्या एका बाजूला मत असलेले होते आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक मत नसलेले. कायद्यातली रेघ जमिनीवर दिसली ती अशी.

सप्टेंबरमध्ये संविधान झालं आणि राजाने शपथ घेतली. त्यातली एक तरतूद पुढे फार महत्त्वाची ठरली. राजाची व्यक्ती अनुल्लंघनीय आणि पवित्र आहे, त्याच्यावर खटला चालणार नाही. मात्र त्याने राष्ट्राविरुद्ध सैन्य उभं केलं, किंवा आपल्या नावाने तसं होत असताना उघड विरोध केला नाही, तर त्याने राज्यत्याग केला असं धरलं जाईल. आणि राज्यत्यागानंतर तो नागरिकांच्या वर्गात येईल. म्हणजे राजाने नागरिक व्हायचं तर आधी राजपद जायला हवं.

मत नाही, पण मरायला या

२० एप्रिल १७९२ रोजी फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं. सुरुवात वाईट झाली. सैन्यातले बरेच सरदार अधिकारी आधीच देश सोडून गेले होते. जूनमध्ये राजाने दोन ठराव नकाराधिकाराने अडवले. एक नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ न घेणाऱ्या धर्मगुरूंविरुद्धचा होता आणि दुसरा पॅरिसजवळ २०,००० प्रांतिक स्वयंसेवकांची छावणी उभारण्याचा. शत्रू अंगावर येत असताना राजधानीचं रक्षण राजाच अडवतोय, असा अर्थ लोकांनी घेतला. २० जूनला जमाव तुइलरीत घुसला. राजाने क्रांतीची खूण असलेली लाल टोपी घातली, राष्ट्राच्या नावाने पेला उचलला, पण नकाराधिकार मागे घेतला नाही. त्या दिवशी तो धैर्याने वागला हे त्याच्या शत्रूंनाही नाकारता आलं नाही.

११ जुलैला विधिमंडळाने ‘मातृभूमी संकटात आहे’ असं जाहीर केलं. चौकाचौकांत मंच उभारून स्वयंसेवकांची नोंदणी सुरू झाली. नेमकं इथेच सगळं अडलं. नोंदणीच्या मेजावर तुमचा करभरणा कुणी विचारत नव्हतं. सरहद्दीवर जाऊन मरायला निष्क्रिय नागरिक चालत होता आणि वस्तीच्या सभेत हात वर करायला मात्र तो चालत नव्हता.

या वस्त्यांच्या सभांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण खरा बदल तिथे झाला. १७९०पासून पॅरिसचे ४८ विभाग होते. मूळ काम निवडणुकीपुरतं. मतदान झालं की सभा विसर्जित व्हावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पावाचा भाव, रस्त्याचा दिवा, संशयित शेजारी असं सगळं तिथेच बोललं जाई. जुलैच्या अखेरीस या सभांना रोज, कायमस्वरूपी भरायची परवानगी मिळाली आणि शहराला ४८ तोंडं फुटली.

सीन नदीच्या डाव्या तीरावर तेआत्र-फ्रांसे नावाचा विभाग होता. अध्यक्ष दांतों, सोबत शोमेत आणि छपाईकार मोमोरो. जुलैअखेर या विभागाने एक ठराव केला आणि छापून वाटला. त्यातला युक्तिवाद इतका साधा आहे की तो आधी कुणाला का सुचला नाही असं वाटावं. मातृभूमी संकटात असल्याचं जाहीर झालं, तेव्हा तिच्या रक्षणासाठी सगळ्या फ्रेंच माणसांना हाक दिली गेली. मग मातृभूमी वाचवण्याचा हक्क एकाच वर्गाकडे ठेवता येणार नाही. म्हणून आजवर निष्क्रिय म्हणवल्या गेलेल्या नागरिकांनी आमच्या विभागात येऊन चर्चा करावी, शस्त्र धरावं आणि मत द्यावं.

हा ठराव कायद्याच्या दृष्टीने सरळसरळ बेकायदा होता. एक वस्ती देशाचं संविधान बदलू शकत नाही. पण त्यांनी बदललं, आणि दुसऱ्या विभागांनी तेच केलं. विधिमंडळाला आवरता आलं नाही, कारण आवरायला लागणारं रक्षकदलही याच वस्त्यांमधून येत होतं.

त्याच दिवसांत दोन गोष्टी पॅरिसला पोहोचल्या. एक, मार्सेयहून चालत आलेली सुमारे ५०० स्वयंसेवकांची तुकडी. एप्रिलमध्ये स्ट्रासबूर्गला रचलेलं जे युद्धगीत ते गात आले, त्याला पुढे त्यांच्याच शहराचं नाव पडलं. दुसरी, चालून येणाऱ्या शत्रुसैन्याचा सेनापती ब्रुन्सविकचा ड्यूक याचा जाहीरनामा. राजघराण्याला धक्का लागला तर पॅरिसवर कायम लक्षात राहील असा सूड घेऊ, अशी धमकी त्यात होती. राजाला वाचवण्यासाठी लिहिलेल्या या कागदाने राजाचंच नुकसान केलं. परकी सेना राजाच्या नावाने येत आहे, हे आता शत्रूनेच लिहून दिलं होतं. संविधानातली राज्यत्यागाची अट लोकांना पाठ नसेल, पण तिचा आशय भरला होता.

१० ऑगस्ट

३ ऑगस्टला महापौर पेतियों यांनी ४८पैकी ४७ विभागांच्या वतीने राजाला पदच्युत करण्याची मागणी विधिमंडळापुढे ठेवली. विधिमंडळ चालढकल करत राहिलं. कॅंझ-व्हँ विभागाने ९ ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंतची मुदत दिली आणि ती संपल्यावर घंटा वाजू लागल्या.

रात्री बऱ्याच विभागांनी आपापले प्रतिनिधी नगरभवनात पाठवले. तिथे कायदेशीर नगरपालिका शेजारच्या दालनात बसलेली असतानाच त्यांनी स्वतःची बंडखोर नगरसभा स्थापली आणि पहाटेपर्यंत जुनी बाजूला सारली. राजवाड्याच्या बंदोबस्ताची सूत्रं रक्षकदलाचा प्रमुख मांदा याच्याकडे होती. त्याला बोलावून घेतलं, अटक केली, आणि बाहेर नेताना तो मारला गेला. लढाई सुरू व्हायच्या आधीच संरक्षणाची साखळी तुटली. बंड यशस्वी होण्याचं लष्करी कारण शोधायचं तर ते इथे आहे.

सकाळी राजाने रक्षकांची पाहणी केली. काही तुकड्यांनी त्याच्या तोंडावर ‘राष्ट्र चिरायू होवो’ अशा घोषणा दिल्या. रोदरेर या जिल्हा अधिकाऱ्याने त्याला सांगितलं की आता विधिमंडळाचा आसरा घ्या. राजा कुटुंबासह बाग ओलांडून चालत गेला. वाटेत माळ्यांनी गोळा केलेल्या वाळल्या पानांचे ढीग होते. ‘यंदा पानं लवकर गळतायत,’ असं तो म्हणाल्याचं सांगतात. सभागृहात त्याला कामकाज टिपून घेणाऱ्यांच्या कोंदट खोलीत बसवलं गेलं, आणि तिथून त्याने आपल्या राज्याचा शेवट दिवसभर ऐकला.

पण जाताना मागे राहिलेल्या स्विस रक्षकांना स्पष्ट हुकूम दिला गेला नाही. नऊशेच्या आसपास शिपाई राजा नसलेलं घर राखत उभे राहिले. अंगणात आधी हस्तांदोलनाची भाषा झाली, मग गोळी सुटली. आधी कुणी झाडली याचा वाद आजही चालू आहे. राजाची गोळीबार थांबवण्याची चिठ्ठी आली तेव्हा उशीर झाला होता. सुमारे ६०० स्विस मारले गेले, त्यांतले कित्येक शरण आल्यावर. हल्लेखोरांचे साडेतीनशेहून अधिक मेले किंवा जखमी झाले, आणि त्यांत सुतार, लोहार, शिंपी, विणकर, गाडीवान असे नाना धंद्यांचे लोक होते. क्लेर लाकोंब नावाची नाटकातली नटी हाताला गोळी लागूनही लढत राहिली. स्वयंसेवकांनी तिला नागरी मुकुट दिला. तिचं नाव लक्षात ठेवा, ती पुन्हा येईल.

त्याच दिवशी विधिमंडळाने राजाला निलंबित केलं आणि नवं संविधान करण्यासाठी राष्ट्रीय परिषद बोलावली. ११ ऑगस्टला निवडणुकीचे नियम ठरले. सक्रिय आणि निष्क्रिय हा भेद रद्द झाला. २१ वर्षांचा, वर्षभर वास्तव्य असलेला आणि आपल्या उत्पन्नावर किंवा श्रमावर जगणारा प्रत्येक पुरुष मत देईल. ‘श्रमावर जगणारा’ हे शब्द मला या सगळ्या कायद्यातले सर्वांत मोलाचे वाटतात. तीन वर्षांपूर्वी कराची पावती ही नागरिकाची ओळख होती, आता कामाने कमावलेला घास ती ओळख ठरला. घरगुती नोकर मात्र अजूनही बाहेरच होते, कारण मालकाच्या छताखाली राहणाऱ्याचं मत मालकाचंच असतं, ही समजूत गेली नव्हती.

मतदान फारच कमी झालं, पाचांतला एकही आला नसावा. शेतीचे दिवस होते, शत्रू आत शिरलेला होता, आणि मत द्यायचं म्हणजे दिवस-दिवस चालणाऱ्या सभेत बसून, बऱ्याच ठिकाणी सगळ्यांसमोर नाव घेऊन द्यायचं. ज्याला राजाच्या बाजूने बोलायचं होतं त्याने घरीच राहणं पसंत केलं. शिवाय याच काळात, २ सप्टेंबरपासून, पॅरिसच्या तुरुंगांत शिरून जमावाने हजाराहून अधिक कैद्यांना ठार केलं. नव्या नागरिकत्वाचा पहिला महिना असा रक्ताळलेला आहे, आणि १० ऑगस्टबद्दल आदराने लिहिणाऱ्याने हे झाकता कामा नये.

२१ सप्टेंबरला परिषदेत कोलो द’एर्ब्वाने राजपद रद्द करण्याचा ठराव मांडला, धर्मगुरू ग्रेग्वारने त्याला बळ दिलं, आणि तो एकमताने मंजूर झाला. शतकानुशतकांच्या राजसत्तेसाठी एक वाक्य पुरलं.

राजा नागरिक होता का?

लुईचं काय करायचं, हा प्रश्न मग नागरिकत्वाचाच झाला. संविधान म्हणत होतं की राज्यत्यागानंतर तो नागरिक, पण खटला फक्त त्यानंतरच्या कृत्यांसाठी. आता तो तुरुंगात होता, त्यामुळे ‘नंतरची’ कृत्यं नव्हतीच. शब्दशः वाचलं तर त्याला हात लावता येत नव्हता. १३ नोव्हेंबरला पंचवीस वर्षांच्या सँ-ज्युस्तने यावर एकदम वेगळं उत्तर दिलं. लुई कधीच नागरिक नव्हता, तो शत्रू आहे, म्हणून नागरिकाचा न्याय त्याला लागूच होत नाही. बहुसंख्यांनी हे मानलं नाही. त्यांनी त्याला बिरुदं काढून, ‘लुई कापे’ अशा साध्या नावाने परिषदेपुढे उभं केलं, वकील दिले, कागद दाखवले. म्हणजे मारण्यासाठी का होईना, त्याला नागरिक मानलं. दोषी ठरवण्यावर जवळजवळ एकमत झालं. शिक्षेवर ७२१पैकी ३८७ मतं मृत्युदंडाला पडली, त्यांतल्या २६ जणांना अंमल लांबवण्याचा विचार व्हावा असं वाटत होतं. २१ जानेवारी १७९३ रोजी शिक्षा अमलात आली.

मृत्युदंडाविरोधात बोलणाऱ्यांत लेखक टॉमस पेन होता. जन्माने इंग्रज, फ्रेंच येत नसलेला. ऑगस्टअखेर स्वातंत्र्याचे मित्र म्हणून काही परदेशी व्यक्तींना फ्रेंच नागरिकत्व दिलं गेलं, त्यात तो होता, आणि लोकांनी त्याला निवडूनही दिलं. पण १७९३ संपताना परदेशी म्हणून त्याची जागा काढून घेतली गेली आणि त्याला तुरुंगात टाकलं. नागरिकत्व विचाराने मिळतं की जन्माने, याचं उत्तर वर्षभरात उलटं झालं.

कुठवर पोहोचलं

ही कल्पना पसरली ती भाषणांइतकीच दफ्तरांतून. २० सप्टेंबर १७९२ रोजी, म्हणजे राजपद जाण्याच्या आदल्याच दिवशी, मावळत्या विधिमंडळाने जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद चर्चमधून काढून नगरपालिकेकडे दिली. त्याआधी फ्रेंच मूल कागदावर यायचं ते बाप्तिस्म्याने. आता कुठल्याही धर्माचं मूल एकाच वहीत, एकाच रकान्यात. प्रॉटेस्टंट आणि ज्यू यांना हक्क १७८९ ते १७९१मध्ये टप्प्याटप्प्याने मिळाले होते, पण त्यांना रोजच्या जगण्यात समान केलं ते या वहीने.

समुद्रापलीकडे सँ-दोमिंग या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत गुलामांनी ऑगस्ट १७९१मध्येच उठाव केला होता. जाहीरनाम्यातल्या ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ त्यांनी लढून लावला. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी परिषदेने गुलामगिरी रद्द केली आणि वसाहतीत राहणारे सर्व पुरुष रंगभेदाविना फ्रेंच नागरिक असल्याचं जाहीर केलं. १८०२मध्ये नेपोलियनने गुलामगिरी पुन्हा आणली. सँ-दोमिंगने ती मानली नाही, आणि १८०४च्या पहिल्या दिवशी तिथे हैती हा स्वतंत्र देश उभा राहिला.

फ्रान्समध्येही रेघ परत आली. १७९३च्या संविधानाने पुरुषांना सरसकट मत दिलं, पण ते कधी अमलात आलं नाही. १७९५मध्ये पुन्हा कराची अट लागली. सर्व पुरुषांना टिकाऊ मत मिळायला १८४८ उजाडावं लागलं.

आणि क्लेर लाकोंब? मे १७९३मध्ये पोलीन लेओंसोबत तिने क्रांतिकारी गणतंत्रवादी स्त्रियांची संघटना काढली. भाव, साठेबाजी आणि शस्त्र धरण्याचा हक्क हे त्यांचे विषय होते. ३० ऑक्टोबर १७९३ रोजी परिषदेने स्त्रियांच्या सर्व संघटनांवर बंदी घातली. स्त्रियांना राजकीय हक्क वापरण्याइतकं बळ नाही, असं कारण त्या बैठकीत दिलं गेलं. तुइलरीवरच्या हल्ल्यात गोळी खाल्लेली ती बाई पुढच्या वसंतात तुरुंगात होती. फ्रेंच स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिलं ते २९ एप्रिल १९४५ रोजी, नगरपालिकांच्या निवडणुकीत.